घरात सर्दी आणली कोणी?

प्रश्न : आम्ही नाशिकला एकत्र राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा, दीर, धाकटी जाऊ आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ. दोन बेडरूम आणि हॉल. मुलगा हॉलमध्ये आजीच्या कुशीत झोपतो, सासरे घोरतात म्हणून गॅलरीत दिवाणावर. मागच्या शनिवारी रात्री एका रिसेप्शनला मुलाने आईस्क्रीम खाल्लं आणि रविवारी संध्याकाळी त्याचं नाक गळायला लागलं. मंगळवारी दुपारी जाऊ बाळाला घेऊन माहेरून आली, त्याच रात्री सासूबाईंचा घसा धरला. बुधवारी सकाळी मी पडले. शुक्रवारी सकाळी जाऊ, रात्री माझे मिस्टर. आज रविवार. बाळाचं नाक चोंदलंय, नीट पीत नाही. सासूबाई म्हणतात आईस्क्रीम खाऊ दिलं म्हणून झालं, मिस्टर म्हणतात जाऊने माहेरून आणली. सासरे (वय 74, बीपीची गोळी चालू) आणि अंबडला रात्रपाळी करणारे दीर ठणठणीत आहेत. सासरे म्हणतात, "मी रोज काढा घेतो, वर सर्दीची एक गोळी, म्हणून वाचलो. तुम्हीही घ्या." पुढच्या वेळी मुलाचं नाक गळायला लागलं की त्याला लगेच माझ्या माहेरी पाठवून द्यावं का? जाऊने बाळाला अंगावर पाजणं थांबवावं का? घरात बोलणं नीट राहिलेलं नाही.
— एक थोरली सून

उत्तर :

बाळाबद्दल काय करायचं ते तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं. तेच इतरांसाठी पुढे सविस्तर लिहितो. पण तुमच्या पत्रातली खरी ठसठस "आणली कोणी" ही आहे. तुम्ही वार आणि वेळा इतक्या नीट लिहिल्या आहेत की तिचा निकाल कागदावर लावता येतो.

त्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवायची. साध्या सर्दीचा विषाणू, बहुतेक वेळा तो ऱ्हायनोव्हायरस असतो, नाकात शिरल्यावर लगेच त्रास देत नाही. घसा खवखवायला किंवा नाक गळायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि बहुतेकांना दोनाच्या आसपास. फारच लवकर म्हटलं तरी बारा तास. म्हणून एखाद्याला सर्दी झाली की "आज घरात कोण आलं होतं, आज काय खाल्लं" असं विचारून काही हाती लागत नाही. दोन दिवस मागे जायचं आणि त्या दिवशी तो माणूस कोणाजवळ होता ते बघायचं.

सासूबाईंपासून सुरुवात करू. त्यांचा घसा मंगळवारी रात्री धरला आणि जाऊ आल्या मंगळवारी दुपारी. मध्ये फार तर सात-आठ तास गेले. एवढ्या वेळात विषाणू शिरून त्रास सुरू होत नाही, शिवाय जाऊबाईंना तेव्हा सर्दी नव्हतीच. मंगळवार रात्रीतून दोन दिवस वजा करा, रविवारची रात्र येते. त्या रात्री नाक गळणारा नातू त्यांच्या कुशीत होता. तुमचं बुधवार सकाळचं गणितही तिथेच जातं. सासूबाईंकडून तुम्हाला लागली म्हणावं तर जेमतेम दहा-बारा तास होतात. मुलाकडून धरलं तर अडीच दिवस, म्हणजे चपखल बसतं. तेव्हा तुम्ही दोघी एकाच वेळी, एकाच नाकातून आलेल्या सर्दीच्या धनी.

आता जाऊबाई. त्यांची सर्दी शुक्रवारी सकाळी उमटली, म्हणजे ती लागली साधारण बुधवारी. बुधवारी त्या तुमच्या घरात होत्या आणि घरात तीन माणसं ऐन सर्दीत होती. मंगळवारी सकाळी माहेरी किंवा बसमध्ये लागली असती तर तीन दिवस झाले असते. हे अगदीच अशक्य नाही, पण घरात तीन नाकं वाहत असताना इतक्या लांब जायचं कारण नाही. त्यांनी सर्दी आणली नाही, त्यांना ती तुमच्या घरात मिळाली. तुमच्या मिस्टरांची शुक्रवार रात्रीची सर्दी बुधवार रात्रीच्या हिशेबात बसते आणि त्या रात्री शेजारी कोण शिंकत होतं हे तुम्हाला सांगायला नको. मुलाच्या सर्दीतून ते सुटले आणि तुमच्या सर्दीत सापडले. प्रत्येक वेळी संपर्क आला की लागतेच असं नसतं. बाळाचं नाक रविवारी सकाळी चोंदलं, दोन दिवस मागे गेलं की शुक्रवार सकाळ, म्हणजे आईला सुरू झाली तो दिवस.

म्हणजे मुलगा, त्याच्याकडून आजी आणि आई, त्यांच्याकडून काकू आणि बाबा, आणि काकूकडून बाळ. रविवार ते रविवार एवढ्या वेळात एका सर्दीने घरात तीन उड्या मारल्या. दर दोन-अडीच दिवसांनी एक, असा तिचा वेग असतो.

मुलाने ती कुठून आणली? रविवार संध्याकाळमधून दोन दिवस गेले की शुक्रवार येतो आणि शुक्रवारी तो शाळेत होता. शनिवार रात्रीच्या रिसेप्शनपासून मोजलं तर जेमतेम वीस तास होतात, म्हणून तिथे लागल्याची शक्यता आहे पण कमी. इथे एक कबुली द्यायला हवी. विषाणू लागलेल्या चारांपैकी साधारण एकाला काहीच त्रास होत नाही. त्यामुळे ज्याचं नाक आधी गळलं त्यानेच आणली असं शंभर टक्के कधीच म्हणता येत नाही. अशा माणसाने तुमच्या घरात आधी येऊन मुलाला दिली असेल, तर ते कोणाला कळणारही नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं हे नेहमीचं आहे, तेव्हा शाळेचाच संशय जास्त.

आईस्क्रीमबद्दल सासूबाईंशी वाद घालायला जाऊ नका, कारण त्या सगळ्याच चुकलेल्या नाहीत. आईस्क्रीममध्ये विषाणू नसतो आणि विषाणू आल्याशिवाय सर्दी होत नाही, एवढं नक्की. पण गारठ्याचा काहीच संबंध नाही असंही ठामपणे म्हणता येत नाही. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफला एक प्रयोग झाला. 90 जणांनी वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून ठेवले आणि दुसरे 90 जण रिकाम्या भांड्यात पाय ठेवून बसले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या 13 जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटातल्या पाच जणांनी. नाकात विषाणू आहे का हे त्यात तपासलं नव्हतं, आणि विषाणू मुद्दाम नाकात घालून केलेल्या जुन्या प्रयोगांत गारठ्याने फरक पडलेला दिसला नव्हता. त्यातून फार तर एवढं म्हणता येईल की आधीच शिरलेली सर्दी गारठ्याने उघड होत असेल. तुमच्या मुलाला ती शुक्रवारी लागली असेल तर शनिवारचं आईस्क्रीम खाल्लं नसतं तरी रविवार-सोमवारी ती दिसलीच असती. आणि आजीला, तुम्हाला, काकूला, बाळाला कोणालाच आईस्क्रीम मिळालं नव्हतं.

आता माहेरी पाठवण्याचं. विषाणू नाकात सगळ्यात जास्त असतो तो सर्दीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पण तो बाहेर पडायला लागतो त्रास जाणवण्याच्या थोडा आधीपासूनच. रविवारी संध्याकाळी नाक गळताना दिसलं तेव्हा त्याने आजीच्या मांडीवर बसून दुपार काढलेली होती. सोमवारी त्याला पाठवलं असतं तर तुमच्या घरातली एखादी उडी कदाचित वाचली असती, पण तुमच्या आई-वडिलांच्या घरात पहिली उडी पडली असती. त्यांचं वयही साठीच्या पुढेच असणार. पाच वर्षांच्या तापलेल्या, चिडचिड्या पोराला अशा वेळी आईपासून लांब ठेवणं हे वेगळंच. खोलीत कोंडून ठेवणं तर दोन बेडरूमच्या घरात होतही नाही.

जमतं ते एवढंच की सर्दीची वाट थोडी अवघड करायची आणि ज्यांना ती महागात पडेल त्यांच्यापासून तिला दूर ठेवायचं. तुमच्या घरात अशी दोन माणसं आहेत, बाळ आणि सासरे. बाकी सगळ्यांना सर्दी झाली तर आठवडाभर नाक पुसून ती जाते. म्हणून मुलाचं नाक गळायला लागलं की पहिला प्रश्न "कोणालाच होऊ नये म्हणून काय करू" हा नसावा. त्याला सांभाळताना कोणाला झाली तर चालेल, हे ठरवा. एक धडधाकट मोठं माणूस निवडा, तुम्ही किंवा मिस्टर, आणि पहिल्या तीन दिवसांत नाक पुसणं, औषध देणं, रात्री जवळ झोपणं हे सगळं त्याच माणसाने करायचं. हे तीन दिवस महत्त्वाचे. नंतरही थोडा विषाणू असतो, पण जोर ओसरलेला असतो.

रात्रीची झोप यात सगळ्यात मोठी आहे असं माझं मत आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात 1987 मध्ये एक गमतीदार प्रयोग झाला. सर्दी झालेल्या माणसांना निरोगी माणसांबरोबर एका खोलीत बारा तास पत्ते खेळायला बसवलं. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांच्या हातांना किंवा मानेला असं काही बांधलं होतं की हात तोंडापर्यंत पोचूच नये. हात मोकळे असलेल्या 18 जणांपैकी 12 जणांना लागली आणि हात बांधलेल्या 18 पैकी 10 जणांना. म्हणजे नाक-डोळ्यांना हात न लावताही बारा तास एकाच खोलीतली हवा पुरली. पुढे त्या शेंबडाने चिकट झालेल्या पत्त्यांनी दुसऱ्या खोलीत निरोगी लोकांना खेळायला लावलं, तर एकालाही सर्दी झाली नाही. तुमचा मुलगा रोज रात्री आठ-नऊ तास आजीच्या तोंडाशी तोंड करून, खिडक्या बंद असलेल्या हॉलमध्ये झोपतो. गॅलरीत झोपणारे आजोबा वाचले, यात मला नवल वाटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पहिल्या तीन रात्री मुलगा तुमच्या खोलीत. सासूबाईंना वाईट वाटेल. तुमच्याऐवजी हे त्यांच्या मुलाने सांगितलेलं बरं. डिसेंबरात नाशिकचा गारठा बोचरा असतो, सगळ्या खिडक्या सताड उघडा असं कोणी सांगणार नाही. पण समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या राहिल्या तरी हवा बदलत राहते. अंथरूण त्या झोताच्या बाहेर घाला आणि अंगावर एक पांघरूण जास्त घ्या. पंखा लावून हे साधत नाही, पंखा खोलीतली तीच हवा फिरवतो.

याचा अर्थ हाताने सर्दी लागत नाही असा नव्हे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या 1978 च्या प्रयोगात सर्दी झालेल्यांच्या हाताला हात लावून मग स्वतःचं नाक-डोळे चोळणाऱ्या 15 जणांपैकी 11 जणांना ती लागली होती. हवा मोठी की हात, हा वाद जाणकारांत जुना आहे. पण घरात दोन्ही असतात, त्यामुळे आपल्याला तो सोडवायची गरज नाही.

हाताच्या बाबतीत मात्र आपल्या घरांची एक खास जागा आहे, ती म्हणजे आजीचा पदर. नातू शिंकत येतो, आजी "ये रे बाळा" म्हणत पदराच्या टोकाने त्याचं नाक पुसते. ते टोक ओलं राहतं, खांद्यावर परत जातं. पाच मिनिटांनी फोडणीचा धूर डोळ्यांत गेला की तोच पदर डोळ्यांना लागतो. विषाणूला नाकात जायला डोळ्यातून सरळ वाट आहे, डोळ्यातलं पाणी नाकातच उतरतं. त्या पत्त्यांवरून विषाणू कोणाला लागला नाही, पण या ओल्या कापडाचं तसं नाही, कारण इथे ताजा शेंबूड मिनिटाभरात थेट डोळ्याला लागतोय. सासूबाईंची सर्दी झोपेत लागली की पदरातून हे सांगता येणार नाही, पण दोन्ही वाटा एकाच संध्याकाळी उघड्या होत्या.

उपाय साधा आहे. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे वीतभर लांब-रुंद वीसेक तुकडे कापून एका डब्यात ठेवा. एक तुकडा एकदाच वापरायचा, मग झाकणाच्या बादलीत टाकायचा. संध्याकाळी सगळे साबणाच्या गरम पाण्यातून काढून दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवायचे. टिशू परवडत असेल तर तोही चालेल. नाक पुसलं की पुसणाऱ्याने लगेच हात धुवायचे, बोटांची टोकं आणि अंगठे धरून वीस सेकंद, साबणाने. सॅनिटायझरवर इथे फार भिस्त ठेवू नका. ऱ्हायनोव्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर करोनाच्या विषाणूइतकं हमखास चालत नाही. साबण-पाण्याने तो हातावरून वाहून जातो.

धुतलेले हात कशाला पुसता तेही बघा. बहुतेक घरांत बेसिनजवळ खिळ्याला एकच नॅपकिन अडकवलेला असतो आणि तो दिवसभर ओलाच असतो. घाईत अर्धवट धुतलेला हात त्याला पुसला की पुढच्याचा स्वच्छ हात तिथेच बिघडतो. सर्दीच्या आठवड्यात प्रत्येकाचा नॅपकिन वेगळा, निदान सासऱ्यांचा आणि बाळाच्या आईचा तरी.

उष्ट्या-खरकट्यावरून मात्र घरात भांडू नका. लाळेत हा विषाणू नाकातल्या पाण्याच्या मानाने कमी असतो. एका ताटात जेवल्याने सर्दी लागण्यापेक्षा ताटावर शिंकल्याने लागते. दाराच्या कड्या दिवसातून तीनदा फिनाइलने पुसण्यातही फार हशील नाही. तेवढा वेळ खिडक्यांना द्या.

आता बाळ. अंगावर पाजणं थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. सर्दी दुधातून जात नाही. आईचं शरीर या सर्दीविरुद्ध जे काही तयार करतं त्यातलं थोडं दुधातून बाळाला मिळतं. आईने फक्त पाजताना आणि बाळाला घेताना मास्क लावावा, हात धुवावेत, आणि बाळाच्या तोंडावर तोंड नेऊन लाड करणं चार दिवस थांबवावं. हे बाळाला सर्दी होण्याआधीच्या दिवसांत खरं कामाचं.

एकदा नाक चोंदलं की बाळ पिऊ का शकत नाही, हे समजून घ्या. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. स्तन तोंडात धरला की श्वासाला नाकाशिवाय वाट नाही. नाक बंद असलं की दोन घोट घेऊन ते सोडतं आणि रडतं. भूक मेलेली नसते. म्हणून पाजण्याआधी पाच-दहा मिनिटं औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे (सलाइनचे) नाकातले थेंब प्रत्येक नाकपुडीत एक-दोन घाला. बाटलीवर फक्त सोडियम क्लोराइड लिहिलेलं असावं. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब बाळाला घालायचे नाहीत. सैल झालेला शेंबूड मऊ कापडाने टिपा. रबरी फुग्याने ओढायचा असेल तर दिवसातून दोन-तीनदाच, नाहीतर नाक आतून सुजतं. मग पाजा, नेहमीपेक्षा थोडं-थोडं आणि लवकर-लवकर.

आपल्याकडच्या तीन सवयींपासून मात्र बाळाला वाचवा. नाकात तेलाचे थेंब घालू नका, ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं तर तिथे सूज येते. शेगडीवर ओवा-लसूण टाकून धुरी देऊ नका, चोंदलेल्या नाकाच्या बाळाला धूर म्हणजे आणखी एक त्रास. आणि कापराची पुरचुंडी गळ्यात किंवा उशाशी बांधू नका, कापूर थोडा जरी तोंडात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. मधही वर्षाखाली नाही, बोटाने चाटवायलाही नाही. सर्दीची, खोकल्याची पातळ औषधंही नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे देऊ नयेत, असं राज्यांना कळवलं आहे. मोठ्या भावाची उरलेली बाटली कपाटातून काढून टाका.

बाळाकडे लक्ष कशावर ठेवायचं? ते झोपलेलं किंवा शांत असताना पोटाच्या हालचाली घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास म्हणजे जोरात श्वास. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, ज्याला आपण "पोट उडतंय" म्हणतो, ते तर थेट डॉक्टरकडे नेण्याचं लक्षण. तसंच ओठ निळसर दिसले, नेहमीच्या निम्म्याहून कमी पीत असलं, सात-आठ तास लंगोट कोरडा राहिला किंवा बाळ जागं करूनही मलूल असलं तर रात्र असली तरी निघायचं. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 किंवा जास्त ताप आला तर दुसरं काही नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. मोठ्यांना साधी सर्दी देणारे काही विषाणू लहान बाळांच्या छातीत उतरतात, आरएसव्ही हा त्यांतला मुख्य. तशा वेळी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास त्रास वाढतो. म्हणून पहिल्या दिवशी बाळ बरं दिसलं म्हणून मोजणं सोडू नका.

सासऱ्यांचं मला बाळानंतर सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते ठणठणीत आहेत म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. दुकानात सहज मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, क्लोरफेनिरामिनसारखं झोप आणणारं औषध असतं आणि बहुतेकदा फिनाइलेफ्रिन असतं. हे तिसरं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं म्हणून नाक मोकळं वाटतं, पण ते नाकापुरतं थांबत नाही. ज्याला बीपी आहे त्याचं ते वाढवू शकतं. झोप आणणारं औषध या वयात लघवी अडवतं, प्रोस्टेट वाढलेला असेल तर पूर्ण तुंबते, आणि रात्री उठताना तोल जातो तो वेगळाच. यातलं एकही औषध सर्दी होण्यापासून वाचवत नाही, ती झालेल्या सर्दीचा त्रास कमी करण्यासाठी आहेत. सर्दीची ही गोळी आजच बंद करा आणि पुढचे तीन-चार दिवस सकाळी बीपी मोजा.

काढ्याला माझा विरोध नाही. गरम पाणी, आलं, तुळस, गवती चहा यांनी घशाला बरं वाटतं. पण त्यात ज्येष्ठमध असेल तर तो काढून टाका. ज्येष्ठमध रोज घेतल्याने बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. "घशासाठी चांगला" म्हणून तो हिवाळाभर घेतला जातो आणि बीपी का आटोक्यात येत नाही हे डॉक्टरला कळत नाही. ते वाचले कशामुळे, तर गॅलरीतल्या दिवाणामुळे हे माझं पहिलं उत्तर. दुसरं असं की एवढ्या आयुष्यात त्यांना या विषाणूच्या बऱ्याच जाती होऊन गेल्या असतील. ऱ्हायनोव्हायरसच्या जाती दीडशेच्या वर आहेत, आणि एक होऊन गेली की तिच्यापुरतं बरंच संरक्षण राहतं. तिसरी शक्यता म्हणजे त्यांना लागली पण दिसली नाही. दीर रात्रभर कंपनीत असतात आणि दिवसा एकटे झोपतात, त्यांचंही कारण त्यांच्या हजेरीपत्रकात सापडेल.

जातीच्या या संरक्षणाचा तुम्हाला आत्ता उपयोग आहे. सासूबाई आणि तुम्ही या सर्दीतून निघालात, तेव्हा बाळाकडून तीच पुन्हा तुम्हाला लागण्याची भीती जवळपास नाही. जाऊबाई स्वतः अजून तापल्यासारख्या असतील, त्यांना रात्री दोन तास सलग झोप मिळायला हवी. दोन पाजण्यांच्या मध्ये बाळाला खांद्यावर घेऊन बसायचं काम तुम्ही दोघींनी वाटून घ्या. मुलगा ताप नसेल, जेवत असेल, तर उद्या शाळेत जाऊ दे. नाक थोडं गळत असलं आणि खोकला आणखी दोन आठवडे राहिला तरी हरकत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. दहा दिवसांनंतरही काहीच उतार नसेल किंवा बरं वाटून पुन्हा ताप आला, तर दाखवा.